कॉलेजने तक्रार ऐकली नाही, तर पुढे कुठे? लोकपालांपर्यंत अपील नेण्याची रीत

प्रवेश रद्द केला, पण कॉलेज फी परत देत नाही आणि मूळ गुणपत्रिकाही अडवून ठेवते. दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हजारो घरांत हा प्रश्न येतो. पालक प्राचार्यांना भेटतात, कार्यालयातून ‘मॅनेजमेंटला विचारून सांगतो’ असं उत्तर मिळतं, मग दोन महिने जातात. शेवटी कोणीतरी वैतागून मुख्यमंत्री, कुलगुरू, यूजीसी आणि पंतप्रधान कार्यालय अशा सगळ्यांना एकच ईमेल पाठवतं. त्यातून बहुतेक वेळा काहीच होत नाही, आणि तसं का होतं ते आधी समजून घेतलं पाहिजे.

यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, किंवा केंद्राचं तक्रार पोर्टल तुमचा अर्ज वाचून स्वतः निकाल देत नाही. अर्ज ‘योग्य कार्यवाहीसाठी’ विद्यापीठाकडे जातो, विद्यापीठ तो कॉलेजकडे ‘अहवाल सादर करावा’ म्हणून पाठवतं आणि शेवटी तो ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच प्राचार्यांच्या टेबलावर येऊन बसतो. तिथून ‘नियमानुसार कार्यवाही केली आहे’ असं एका ओळीचं उत्तर वर जातं आणि पोर्टलवर तक्रार बंद झालेली दिसते. थेट वर लिहिणं हा गुन्हा नाही. पण खालची पायरी पार केल्याचा कागद नसेल, तर वरच्या कार्यालयापुढे निर्णय घ्यायला काहीच नसतं.

ही पायरी कोणती, ते ११ एप्रिल २०२३ रोजी अधिसूचित झालेल्या यूजीसीच्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियमांत लिहिलं आहे. सरकारी, अनुदानित आणि विनाअनुदानित संलग्न कॉलेजं, खासगी विद्यापीठं, अभिमत विद्यापीठं या सगळ्यांना ते लागू आहेत. त्यांत दोनच टप्पे आहेत. पहिला टप्पा कॉलेजमधली विद्यार्थी तक्रार निवारण समिती, जिला कार्यालयात एसजीआरसी म्हणतात. दुसरा विद्यापीठाने नेमलेले लोकपाल. विद्यापीठाच्या इंग्रजी पत्रांत त्यांना ओम्बड्सपर्सन म्हटलेलं असतं. भ्रष्टाचाराच्या तक्रारी पाहणारे लोकपाल वेगळे, त्यांचा इथे काही संबंध नाही.

प्राचार्यांना दिलेला अर्ज म्हणजे समितीकडची तक्रार नव्हे

इथेच सर्वांत जास्त लोक अडखळतात. ‘आम्ही प्राचार्यांना तीन पत्रं दिली’ असं सांगून ते लोकपालांकडे जातात आणि तिथून परत पाठवले जातात. विनियम स्पष्ट सांगतात की, या नियमांतले बाकीचे मार्ग वापरून झाल्यावरच लोकपाल अपील ऐकतील. प्राचार्यांना दिलेलं पत्र हा त्यातला मार्ग नाही. समितीकडे केलेली तक्रार हाच तो मार्ग.

समितीत एक प्राध्यापक अध्यक्ष असतात आणि चार प्राध्यापक किंवा ज्येष्ठ शिक्षक सदस्य असतात. एक विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित म्हणून बसतो. अध्यक्ष आणि सदस्य मिळून किमान एक महिला आणि किमान एक व्यक्ती अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातली असावी लागते. बैठकीला विद्यार्थी प्रतिनिधी सोडून, अध्यक्षांसह किमान तीन जण हवेत. हे लक्षात ठेवायचं कारण असं की, बऱ्याच कॉलेजांत समिती फक्त वेबसाइटवर असते. ‘समितीचा निर्णय’ म्हणून हातात पडलेल्या पत्रावर एकट्या प्राचार्यांची सही असेल आणि बैठकीची तारीख नसेल, तर समिती बसलीच नाही असा मुद्दा तुम्ही अपिलात मांडू शकता.

तक्रार ऑनलाइन करता यावी म्हणून प्रत्येक संस्थेने पोर्टल ठेवायचं आहे. तुमच्या कॉलेजच्या वेबसाइटवर ते सापडलं तर तिथेच तक्रार टाका आणि पोच क्रमांकाचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा. सापडलं नाही, किंवा लिंक उघडतच नसेल, तर त्या पानाचाही स्क्रीनशॉट घ्या. मग लेखी तक्रार ‘अध्यक्ष, विद्यार्थी तक्रार निवारण समिती, द्वारा प्राचार्य’ अशा पत्त्यावर आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि इनवर्ड नंबर घ्या, आणि तीच तक्रार कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरही पाठवा. आवक विभागाने घ्यायला नकार दिला तर वाद घालत बसू नका. त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि ट्रॅकिंगचं पान छापून ठेवा.

ऑनलाइन तक्रार आल्यावर कॉलेजने १५ दिवसांत आपल्या म्हणण्यासह ती समितीपुढे ठेवायची असते. समितीने सुनावणीची तारीख कळवायची असते. विद्यार्थी स्वतः जाऊ शकतो किंवा प्रतिनिधीला अधिकारपत्र देऊन पाठवू शकतो. आई किंवा वडील बोलणार असतील तर दोन ओळींचं अधिकारपत्र सोबत असू द्या, नाहीतर ‘फक्त विद्यार्थ्यालाच आत सोडू’ असं ऐकावं लागतं. समितीने शिफारशींसह अहवाल शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत संस्थेच्या प्रमुखांना द्यायचा असतो आणि त्याची प्रत विद्यार्थ्याला मिळाली पाहिजे. ही प्रत फार मोलाची, कारण पुढच्या अपिलाची मुदत ती हातात पडल्यापासून सुरू होते.

एक प्रकरण, तारखा धरून

नियम नुसते वाचले की ते सोपे वाटतात, पण खरी गफलत तारखांमध्ये होते. म्हणून एक कल्पित उदाहरण पूर्ण पाहू.

समजा, एका विद्यार्थिनीने जुलै २०२४ मध्ये एका विनाअनुदानित कॉलेजात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घेतला. वर्षाची फी ४२,००० रुपये. त्यातले २४,००० तिने भरले आणि १८,००० दुसऱ्या हप्त्यात द्यायचे ठरले. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला कॉलेजने ‘पडताळणीसाठी’ ठेवून घेतला. सप्टेंबरमध्ये तिला सरकारी कॉलेजात जागा मिळाली. ९ सप्टेंबरला तिने प्रवेश रद्द करण्याचा लेखी अर्ज दिला. कार्यालयाचं उत्तर असं: फी परत मिळणार नाही, उलट उरलेले १८,००० भरल्याशिवाय कागदही मिळणार नाहीत.

आता नियम काय सांगतात? २०२४-२५ या वर्षासाठी यूजीसीचं फी परताव्याचं धोरण असं होतं की, ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत द्यायची, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत रद्द केला तर जास्तीत जास्त १,००० रुपये कापायचे. त्यानंतरही चालू राहणाऱ्या प्रवेशांसाठी ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेचे टप्पे लागू होतात: प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केल्यास १०० टक्के, त्या शेवटच्या १५ दिवसांत ९०, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८०, त्यापुढे ३० दिवसांपर्यंत ५०, आणि त्यानंतर काहीच नाही. १०० टक्क्यांच्या टप्प्यातही फीच्या ५ टक्क्यांपर्यंत, पण कमाल ५,००० रुपये, प्रक्रिया शुल्क म्हणून कापता येतात. लेखी अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे परत करायचे असतात. मूळ प्रमाणपत्रं पडताळून लगेच परत द्यायची, ठेवून घ्यायची नाहीत, हेही त्याच २०१८ च्या अधिसूचनेत आहे. ३० सप्टेंबर आणि ३१ ऑक्टोबर या तारखा त्या वर्षापुरत्या होत्या. तुमच्या वर्षाचं परिपत्रक यूजीसीच्या वेबसाइटवरून उतरवून घ्या आणि त्याचा क्रमांक व तारीख तक्रारीत लिहा.

इथे एक खबरदारी. सीईटी सेलच्या केंद्रीभूत फेरीतून, म्हणजे कॅपमधून झालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी रद्द करण्याची शेवटची तारीख आणि कपात त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. अभियांत्रिकी, फार्मसी, एमबीए अशा प्रवेशांत आधी तीच वाचा. नाहीतर चुकीच्या नियमावर उभी केलेली तक्रार पहिल्याच सुनावणीत पडते.

आपल्या उदाहरणात अर्ज ९ सप्टेंबरचा, म्हणून २४ सप्टेंबरपर्यंत २४,००० रुपये परत यायला हवे होते. ते आले नाहीत. २६ सप्टेंबरला तिने पोर्टलवर समितीकडे तक्रार टाकली. कॉलेजने ती ११ ऑक्टोबरपर्यंत समितीपुढे ठेवायची होती. मधे दसरा, मग दिवाळी आली. समितीचे १५ दिवस कामकाजाचे असल्याने सुट्ट्या त्यात धरायच्या नसतात. समितीचं पत्र ८ नोव्हेंबरचं, पण तिला ते ईमेलने ११ नोव्हेंबरला मिळालं. पत्रात म्हटलं होतं की, प्रवेश घेताना विद्यार्थिनीने ‘फी परत मागणार नाही’ अशा हमीपत्रावर सही केली आहे आणि तिची जागा रिकामी राहिली, म्हणून मागणी मान्य करता येत नाही.

अपिलाची मुदत निर्णय मिळाल्यापासून १५ दिवस. हे साधे दिवस आहेत, कामकाजाचे नव्हेत. समितीचे दिवस मोजायची सवय झालेली असते, म्हणून इथे हमखास चूक होते. ११ नोव्हेंबरपासून १५ दिवस म्हणजे २६ नोव्हेंबर. पत्रावरची तारीख ८ असली तरी मोजणी मिळाल्याच्या दिवसापासून करायची, आणि तो दिवस सिद्ध करणारा ईमेल, त्यावरच्या तारीख-वेळेसह, अपिलाला जोडायचा. तिने २१ नोव्हेंबरला अपील केलं. म्हणजे एखादा कागद कमी पडला तर हातात पाच दिवस होते.

निर्णयच आला नाही तर?

कॉलेजने नकार दिला तर निदान अपील करता येतं. जास्त त्रास होतो तो कॉलेज गप्प बसलं की. समिती तारीखच देत नाही, बैठक ‘लवकरच’ होणार असते आणि सेमिस्टर संपून जातं. निर्णय नाही म्हणजे अपील नाही, असं समजून बरेच विद्यार्थी इथेच थांबतात.

थांबायची गरज नाही. मुदतीत न सुटलेली तक्रार विद्यापीठ लोकपालांकडे पाठवू शकतं, अशी तरतूद विनियमांत आहे. मात्र पाठवायचं काम विद्यापीठाचं आहे. म्हणून मुदत संपली की विद्यापीठाच्या कुलसचिवांना पत्र लिहा. त्यात मोजक्याच गोष्टी असू द्या: तक्रार कोणत्या तारखेला कोणत्या पोच क्रमांकाने केली, मुदत कोणत्या दिवशी संपली, आजपर्यंत निर्णय मिळालेला नाही, आणि म्हणून हे प्रकरण लोकपालांकडे पाठवावं ही विनंती. मूळ तक्रार आणि पोच जोडा. पत्राची एक प्रत लोकपालांच्या ईमेलवर आणि एक कॉलेजला द्या. या पत्रात पुन्हा सगळी कहाणी सांगू नका. कुलसचिव कार्यालयाने इथे तक्रार खरी की खोटी हे ठरवायचं नसतं, फक्त मुदत उलटली की नाही एवढंच पाहायचं असतं. तेवढंच त्यांच्यापुढे ठेवलं तर पत्र लवकर हलतं.

समितीची कधी स्थापनाच झाली नाही असा संशय असेल तर माहितीचा अधिकार उपयोगी पडतो. अनुदानित कॉलेजच्या माहिती अधिकाऱ्याकडे, किंवा कॉलेज पूर्ण खासगी असेल तर विद्यापीठाच्या माहिती अधिकाऱ्याकडे, १० रुपये शुल्क भरून अर्ज करा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. ‘समिती का नेमली नाही’ असं विचारू नका, ‘का’ला उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. त्याऐवजी समिती स्थापनेच्या आदेशाची प्रत, मागच्या एका वर्षातल्या बैठकांची इतिवृत्तं आणि तुमच्या तक्रारीवरच्या टिपणांची प्रत मागा. उत्तराला ३० दिवस लागतात, म्हणून अपिलाची मुदत या उत्तरासाठी थांबवू नका. अपील वेळेत करा, कागद आले की नंतर जोडा.

अपिलात काय लिहायचं

लोकपाल म्हणून निवृत्त कुलगुरू, विभागप्रमुख किंवा अधिष्ठाता म्हणून काम केलेले अनुभवी निवृत्त प्राध्यापक, नाहीतर माजी जिल्हा न्यायाधीश नेमले जातात. त्यांच्यासमोर रागाने भरलेली आठ पानं ठेवण्यापेक्षा दोन पानांचं, तारखांनी बांधलेलं अपील ठेवा. त्यांचं नाव, पत्ता आणि ईमेल विद्यापीठाच्या वेबसाइटवर आणि माहितीपुस्तिकेत असायला हवा. सापडला नाही तर विद्यार्थी विकास विभागात किंवा कुलसचिव कार्यालयात विचारा.

आपल्या उदाहरणातल्या अपिलाचा गाभा असा असेल:

‘मी दि. ९/९/२०२४ रोजी लेखी अर्जाने (आवक क्र. …) प्रवेश रद्द केला. यूजीसीच्या २०२४-२५ च्या फी परतावा धोरणानुसार दि. ३०/९/२०२४ पर्यंत रद्द केलेल्या प्रवेशाची पूर्ण फी परत करणे बंधनकारक आहे. समितीने दि. ८/११/२०२४ च्या पत्राने (मला दि. ११/११/२०२४ रोजी मिळाले) हमीपत्र व रिक्त जागा ही दोन कारणे देऊन मागणी नाकारली. उक्त धोरणात यांपैकी कोणतीही अट नाही. संस्थेने घेतलेले हमीपत्र आयोगाच्या धोरणाने दिलेला हक्क काढून घेऊ शकत नाही. तसेच जो अभ्यासक्रम मी करणार नाही त्याची उर्वरित फी भरावी म्हणून मूळ कागदपत्रे अडवून ठेवणे, हे २०२३ च्या विनियमांतील तक्रारीच्या व्याख्येतच येते.

मागणी: (१) दहावी व बारावीच्या मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला तत्काळ परत करावा. फीबाबतचा निर्णय होईपर्यंत हे थांबवू नये. (२) भरलेली रक्कम २४,००० रुपये परत करावी. (३) उर्वरित १८,००० रुपयांची मागणी रद्द करावी.’

या मजकुरात समितीच्या प्रत्येक कारणाला वेगळं उत्तर आहे. नुसतं ‘माझ्यावर अन्याय झाला’ म्हटलं तर लोकपालांना दोन्ही बाजू पुन्हा शून्यातून तपासाव्या लागतात. कागदांची मागणी फीपासून वेगळी काढली आहे, कारण नव्या कॉलेजात दाखला वेळेत न दिल्यास तिथली जागा जाते. पैसे दोन महिन्यांनी आले तरी चालतात, गेलेली जागा परत येत नाही. तिसरी गोष्ट, मागणी अशी आहे की तिच्यावर हो किंवा नाही असा आदेश देता येईल. ‘कॉलेजवर कडक कारवाई करावी’ ही मागणी ऐकायला जोरदार वाटते, पण तिने विद्यार्थिनीच्या हातात काहीच पडत नाही.

जोडपत्रांना क्रमांक द्या आणि मजकुरात त्यांचा उल्लेख करा: फीची पावती, रद्द करण्याचा अर्ज, समितीकडच्या तक्रारीची पोच, समितीचं पत्र आणि ते मिळाल्याचा ईमेल, यूजीसीचं परिपत्रक, आणि नव्या कॉलेजचं प्रवेशपत्र. कार्यालयात तोंडी झालेलं बोलणं पुरावा म्हणून हवं असेल, तर त्याच दिवशी ‘आज आपल्या कार्यालयात मला असे सांगण्यात आले’ असा ईमेल कॉलेजला पाठवून ठेवायची सवय लावा. त्या ईमेलला कॉलेजने उलट उत्तर दिलं नाही, तर तोही कागद होतो.

लोकपालांनी अपील मिळाल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा सर्व प्रयत्न करायचा असतो, म्हणजे इथे २१ डिसेंबरपर्यंत. दोन्ही बाजूंना ऐकून, कारणं देऊन, सहीचा आदेश दिला जातो आणि त्याची प्रत दोघांना मिळते. एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी: तक्रार खोटी किंवा बिनबुडाची निघाली, तर लोकपाल तक्रारदारावरही कारवाईची शिफारस करू शकतात. म्हणून जे कागदाने दाखवता येईल तेवढंच लिहा. लिपिकाने पैसे मागितले असतील आणि पुरावा नसेल, तर त्या आरोपावर अख्खं अपील उभं करू नका.

गुणांची तक्रार इथे सहसा टिकत नाही

परीक्षेच्या गुणांबद्दल नाराज विद्यार्थी मोठ्या संख्येने लोकपालांकडे येतात आणि निराश होतात. उत्तरपत्रिका पुन्हा तपासा किंवा गुणांची फेरबेरीज करा, एवढीच मागणी असेल तर ती ऐकली जात नाही. निकालावर खरोखर परिणाम करणारी ठरावीक अनियमितता, किंवा भेदभावाची ठरावीक घटना दाखवता आली, तरच ते अशा प्रकरणात हात घालतात. ‘मला जास्त गुण मिळायला हवे होते’ हे त्यात बसत नाही. ‘पुरवणी तपासलीच नाही, छायाप्रतीत तिच्यावर एकही खूण नाही’ हे बसतं. म्हणून आधी विद्यापीठाच्या परीक्षा विभागाच्या मुदतीत छायाप्रत मागवा आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करा. ही मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते. ती हुकली तर छायाप्रत माहिती अधिकारातून मिळू शकते, कारण स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला आहे. पण पुनर्मूल्यांकनाची गेलेली मुदत त्याने परत मिळत नाही.

काही तक्रारींचं दारच वेगळं आहे. रॅगिंगसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आणि कॉलेजची रॅगिंगविरोधी समिती आहे. लैंगिक छळासाठी अंतर्गत तक्रार समिती आहे, आणि तिथे घटनेपासून तीन महिन्यांची मुदत असते. मारहाण किंवा धमकी असेल तर पोलीस. अशा गोष्टी तक्रार निवारण समितीत नेल्या तर अमूल्य आठवडे वाया जातात. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेज ठरलेल्या फीपेक्षा जास्त घेत असेल, तर महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याखालचं शुल्क नियामक प्राधिकरण आहे. प्रवेशप्रक्रियेतल्या गडबडीसाठी त्याच कायद्याखालचं प्रवेश नियामक प्राधिकरण.

यूजीसीकडे कधी जायचं

आता सुरुवातीच्या मुद्द्याकडे येऊ. यूजीसीला लिहायची योग्य वेळ तीन प्रसंगी येते: विद्यापीठाने लोकपाल नेमलेलेच नाहीत, नेमले आहेत पण अपील घ्यायला कोणी तयार नाही, किंवा आदेश झाला आणि कॉलेज तो पाळत नाही.

पहिला प्रसंग काल्पनिक नाही. जून २०२४ मध्ये यूजीसीने लोकपाल न नेमलेल्या १५७ विद्यापीठांची यादी जाहीर केली होती. तुमच्या विद्यापीठाच्या वेबसाइटवर लोकपालांचं नाव नसेल, तर कुलसचिवांना नेमणुकीच्या आदेशाची प्रत मागणारं पत्र द्या आणि उत्तर आलं नाही की ते पत्र जोडून यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार करा. पत्ता आहे samadhaan.ugc.ac.in. तक्रारीचा विषय ‘माझी फी परत मिळत नाही’ असा ठेवलात तर ती कॉलेजकडे जाईल. ‘विद्यापीठाने २०२३ च्या विनियमांनुसार लोकपाल नेमलेले नाहीत, त्यामुळे माझं अपील ऐकलं जात नाही’ असा ठेवलात तर उत्तर विद्यापीठाला द्यावं लागेल.

आदेश पाळला जात नसेल तर आधी लोकपालांनाच लेखी कळवा. संस्था आदेश पाळत नसल्याचा अहवाल लोकपालांनी यूजीसीला द्यायचा असतो आणि त्या अहवालाचं वजन तुमच्या पत्राहून कितीतरी जास्त असतं. त्यावर यूजीसी संस्थेचं म्हणणं ऐकून अनुदान रोखू शकते, संस्थेकडे तक्रार निवारणाची किमान व्यवस्था नाही असं जाहीरपणे प्रसिद्ध करू शकते आणि कॉलेजची संलग्नता काढून घेण्याची शिफारस विद्यापीठाला करू शकते. विनाअनुदानित कॉलेजला अनुदान रोखण्याची फारशी भीती नसते. प्रवेशाच्या मोसमात होणारी बदनामी आणि संलग्नता या दोन गोष्टींना मात्र ते घाबरतं.

यानंतरचा मार्ग उच्च न्यायालयात रिट याचिकेचा. तिथे पहिला प्रश्न असतो की उपलब्ध मार्ग वापरले का. समितीचं पत्र, वेळेत केलेलं अपील आणि लोकपालांचा आदेश हातात असले तर त्याचं उत्तर तयार असतं. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते.

बहुतेक फीची प्रकरणं तिथवर जात नाहीत. लोकपालांची नोटीस आली की कॉलेजातून फोन येतो, ‘या आणि कागद घेऊन जा’. जा, पण एक सांभाळा. कागद देताना कार्यालय बऱ्याचदा तयार मजकूर पुढे करतं: ‘माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही, मी अपील मागे घेत आहे.’ पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय त्यावर सही करू नका. त्याऐवजी स्वतःच्या हाताने लिहा की, दहावीची गुणपत्रिका, बारावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला अशी तीन मूळ कागदपत्रं अमुक तारखेला मिळाली, २४,००० रुपये अद्याप मिळालेले नाहीत. खाली सही करा, मोबाईलवर फोटो घ्या आणि त्याच दिवशी तो लोकपालांच्या ईमेलवर पाठवा.